सव्वीस गोण्यांचा फरक

मी शाळेत गणित शिकवते. आठवी-नववीच्या वर्गांवर घनफळाचा धडा घेताना दरवर्षी कोणीतरी विचारतंच की बाई, हे पुढे कुठे उपयोगी पडतं. मी दरवर्षी तेच ठराविक उत्तर देते, पाण्याची टाकी वगैरे. खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला स्वतःला घनफळ एकदाच लागलं. तेव्हा मी त्याचा वापर एका भल्या माणसाला चोर ठरवण्यासाठी करायला बसले होते.

आमचं घर कोपरखैरण्याच्या माथाडींच्या वस्तीत. माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते, चाळीस वर्षं पाठीवर गोणी. त्यांच्या पैशातून घेतलेली बैठी खोली पाडून आम्ही तिथेच तळमजला आणि वर एक मजला बांधायला काढला. जागा केवढी, तर साडेचार मीटर बाय नऊ. आमच्या शाळेचा स्टाफरूम याहून मोठा आहे. बांधकाम चालू असेपर्यंत आम्ही समोरच्याच घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बाबा, मी आणि माझे यजमान.

कॉन्ट्रॅक्टर बाबांनी ठरवला. त्यात कुणाचं काही चाललं नाही, कारण तो बाबांच्या जोडीदाराचा मुलगा. टोळीत दोघे कायम बरोबर असत. गोणीला एकीकडून बाबांनी हात घातला की दुसरीकडून त्यांनी. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा गवंडीकाम शिकत शिकत चाळिशीत स्वतःची कामं घेऊ लागला. मजुरी चौरस फुटावर आणि सिमेंट जेवढं लागेल तेवढं, गोण्या मोजून, असं ठरलं. सिमेंट तोच आणणार आणि बिल आम्हाला देणार.

आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही. त्यामुळे सिमेंट नाक्यावर उतरायचं आणि तिथून तीनचाकी टेम्पोने थोडं थोडं घरापाशी यायचं. बाबा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोजायचे. लिहायचे मात्र नाहीत. मोजणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, ही त्यांची बाजारातली शिस्त. एकाच माणसाच्या हातात दोन्ही दिलं तर लबाडीला जागा राहते, असं ते म्हणत. लिहिण्याचं काम माझ्या यजमानांकडे होतं. त्यांचं ऑफिसचं काम आठवड्यातून तीन-चार दिवस घरूनच चालतं. खिडकीत लॅपटॉप, शेजारी वही. बाहेरून बाबांचा आकडा आला की हे वहीत टिपून ठेवत. टेम्पो बहुतेक त्यांच्या घरच्या दिवशीच यायचा, कारण बाबांनी तसं बजावून ठेवलं होतं.

वरचा दुसरा स्लॅब पडला आणि सांगाडा पूर्ण झाला. विटांचं काम सुरू होण्याआधी कॉन्ट्रॅक्टरने तोवरच्या सिमेंटचं बिल दिलं. त्यात दोनशे साठ गोण्या होत्या. वहीतली बेरीज दोनशे चौतीस आली.

बाबांनी त्याला त्या नव्या स्लॅबखाली बोलावलं. मीही होते. बाबा फार बोलले नाहीत. इतकंच म्हणाले की दुकानातून किती निघाल्या ते तुझ्या पावत्यांना ठाऊक, दारात किती उतरल्या ते मी मोजलंय, आणि त्यात सव्वीस कमी आहेत. मला वाटलं आता हा हुज्जत घालेल, पावत्या नाचवेल. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमी मोजलंय ना. मग सव्वीस कापा."

इतकं सरळ. कोणी न लढता हार मानली की मला आनंद होत नाही, संशय येतो. हा माझा स्वभाव आहे आणि शाळेतली मुलं तो ओळखून आहेत. जो मुलगा लगेच "चुकलं बाई" म्हणतो त्याने आणखी काहीतरी केलेलं असतं. सव्वीस गोण्या एका वाक्यात सोडणाऱ्याने एकूण किती खाल्ल्या असतील, हा किडा माझ्या डोक्यात शिरला.

बाबांचं वेगळंच झालं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा होता. शेजारच्या दोन घरांना त्यांची घरं त्याच माणसाकडून बांधून घ्यायची होती. बाबांचा शब्द विचारायला ते रविवारी येणार होते. जोडीदाराच्या पोराबद्दल चार लोकांसमोर काय बोलायचं, हे बाबांना कळत नव्हतं. खोटं बोलायची सवय नाही. आणि खरं बोलले की त्या पोराला वस्तीत पुन्हा काम मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो गुरुवार होता.

मी ठरवलं, नकाशावरून उलटा हिशोब करायचा. घरात काँक्रीट किती आहे ते नकाशात मापांसकट लिहिलेलं असतं. त्यावरून सिमेंट किती लागायला हवं होतं ते काढायचं आणि बिलासमोर ठेवायचं. मग बाबांना रविवारी बोलताना निदान अंदाजाने बोलावं लागणार नाही. मी स्वतःशी असं म्हणत होते खरं, पण आतून मला त्याला पकडायचं होतं. हे आज कबूल करायला हरकत नाही.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर इंजिनियरचे चारही कागद जमिनीवर पसरले. स्लॅब सोपा. साडेचार गुणिले नऊ, आणि जाडी एकशे पंचवीस मिलिमीटर म्हणजे मीटरचा आठवा भाग. पाच घनमीटरला जरासा जास्त. असे दोन स्लॅब, दहा झाले. मग खांब आठ, त्यांचा छेद आणि पायापासून वरपर्यंतची उंची. खांबांखालचे पाये. जोत्याचे बीम, स्लॅबखालचे बीम, जिना, खिडक्यांवरचे लिंटेल. प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. एकूण एकतीस-बत्तीस घनमीटर आलं. मिश्रण नकाशाच्या कोपऱ्यातच लिहिलेलं, एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी. म्हणजे साडेपाच भागांत एक भाग सिमेंट. साडेपाचाने भागलं. एक गोणी साधारण पस्तीस लिटरची, त्याने भागलं. पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या पाच गोण्या धरल्या. एकशे सत्तर.

मी तीनदा तपासलं. तीनदाही एकशे सत्तरच. म्हणजे याने सव्वीस नाही, नव्वद गोण्या खाल्ल्या होत्या. माझा पारा असा चढला की मी यजमानांना झोपेतून उठवून कागद दाखवला. ते डोळे चोळत म्हणाले, एकदा इंजिनियरला विचार. मला तो सल्ला भेकडपणाचा वाटला. तरी शनिवारी सकाळी मी खारघरला त्यांच्या ऑफिसात गेले, मुख्य म्हणजे माझं गणित कुणाला तरी दाखवायला.

इंजिनियर वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढेच, म्हणजे माझ्या पहिल्या बॅचच्या. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि आधी माझं कौतुक केलं. तिथेच मला शंका यायला हवी होती. मग म्हणाले की मॅडम, दोन गोष्टी सुटल्यात.

पहिली चूक बीमची. नकाशात बीमची उंची साडेचारशे मिलिमीटर लिहिलेली असते ती स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून. त्यातला वरचा एकशे पंचवीसचा थर स्लॅबमध्ये मोजून झालेला होता. मी तो बीममध्ये पुन्हा धरला. तो वगळला की एकूण काँक्रीट साडेएकोणतीस घनमीटर. ही चूक माझ्याच वर्गातल्या मुलाने केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुसरी चूक मोठी होती. ते म्हणाले, एक पातेलं खडीने भरा, त्यात वाळू ओता. पातेलं सांडतं का? नाही. वाळू खडीच्या फटीत जाते आणि सिमेंट वाळूच्या फटीत. वरून पाणी पडलं की सगळं आणखी दबतं. त्यामुळे एक घनमीटर ओलं काँक्रीट भरायला कोरडा माल दीड घनमीटरहून थोडा जास्त लागतो, ते लोक एक पूर्णांक चोपन्न शतांश धरतात. मी ओल्या काँक्रीटलाच साडेपाचाने भागत होते. कोरड्या मालाला भागलं की एका घनमीटरला आठ गोण्या येतात. साडेएकोणतीस गुणिले आठ म्हणजे दोनशे छत्तीस. पायाखालच्या साध्या काँक्रीटलाही तोच नियम, तिथे पाचाच्या आठ झाल्या. एकूण दोनशे चव्वेचाळीस. सांडलवंड, फाटलेली गोणी, मिक्सरला चिकटलेलं, असं सगळं तीन-चार टक्के. म्हणजे दोनशे त्रेपन्न-चोपन्न.

साइटवर किती शिल्लक आहेत, त्यांनी विचारलं. ताडपत्रीखाली पाच, मी सांगितलं. मग बिलाप्रमाणे वापरल्या दोनशे पंचावन्न. त्यांच्या दृष्टीने बिल चोख होतं.

मी म्हटलं, पण आमच्या वहीत दोनशे चौतीसच आहेत. पाच शिल्लक धरल्या तर वापरल्या दोनशे एकोणतीस. तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. म्हणाले, "बिल हिशोबापेक्षा जास्त आलं तर चोरी असेल, नासाडी असेल, काहीही असेल. पण वापर दोनशे चव्वेचाळीसच्या खाली जाऊच शकत नाही, मॅडम. वही खरी असेल तर तुमच्या काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडलंय. निदान आधी स्लॅबची जाडी टेपने बघून या."

मी तिथून थेट साइटवर आले. सकाळी मी नव्वद गोण्यांची चोरी पकडायला गेले होते, आणि दुपारी मला वाटत होतं की याने चोरी केली असती तर किती बरं झालं असतं. त्या स्लॅबखाली आम्ही झोपणार होतो.

पाइपासाठी स्लॅबमध्ये एक भोक सोडलेलं होतं. तिथून टेप घातली. एकशे पंचवीस. जिन्याच्या कडेला घातली. तिथेही तेवढीच. बीम मोजले, खांब मोजले, सगळं नकाशाबरहुकूम. जाडीत काही मारलेलं नव्हतं. म्हणजे एक तर मिश्रण हलकं होतं, नाही तर वही चुकीची होती. आणि वही चुकीची म्हणजे बाबा चुकीचे. हे मी बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? चाळीस वर्षांत त्यांच्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांच्याकडे मिरवायला दुसरं होतं काय?

मी वही मागून घेतली. आजवर मी फक्त शेवटची बेरीज पाहिली होती. आत पानोपानी एकेका खेपेची नोंद होती, यजमानांच्या सुबक अक्षरात. नऊ. नऊ. नऊ. अशा सव्वीस खेपा, आणि प्रत्येक खेपेला नऊ.

चोर असा कधी चोरतो का? सव्वीसच्या सव्वीस वेळा बरोबर एकच गोणी? मी बाबांना सहज विचारावं तसं विचारलं की टेम्पोत किती गोण्या यायच्या.

"धा," बाबा म्हणाले. "कायम धाच. तेवढंच पेलतंय त्याला."

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. एरवी हा माणूस चहात साखर कमी आहे हेसुद्धा तीन घोट झाल्यावर सांगतो, इतका भिडस्त. ते म्हणाले, बाबा, तुमच्या मोजण्यात एक नसायचा. तुम्ही लाभ म्हणायचात आणि मग एकदम दोन.

बाबांना काही कळेना. मला मात्र लख्ख कळलं, आणि हसावं की रडावं ते समजेना. आमच्या गावाकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. सुरुवात एक या आकड्याने करू नये, लाभाने करावी, म्हणून. बाबांनी ती रीत गावाहून बाजारात आणली आणि बाजारातून आमच्या दारात. मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे मला ते कधी ऐकूच आलं नाही. यजमान गिरगावातल्या चाळीत वाढलेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. धान्य त्यांनी वाण्याच्या पुडीतच पाहिलं. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस आधी देवाचं नाव घ्यावं तसं लाभ म्हणतो आणि मग एक विसरून दोनपासून सुरू करतो. दहा म्हणाले की खरे नऊच असणार. ते खिडकीतून फक्त ऐकत होते, बघत नव्हते. आणि बाबांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी हे कुणाला न सांगता, प्रत्येक खेपेला गुपचूप एक वजा करून ठेवला.

"तुमचं वय झालंय, म्हणून मी सांभाळून घेत होतो," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता.

मला वाटलं बाबा आता चिडतील. ते चिडले नाहीत. जावयाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की तुमचं मन चांगलं हो, पण विचारायचं होतंत. मग उठून चप्पल घालायला लागले. मला वाटलं होतं, आपली मोजणी बरोबर निघाली म्हणून त्यांना बरं वाटेल. तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते घाईत होते. मी पाठोपाठ निघाले. यजमानही आले.

कॉन्ट्रॅक्टर साइटवर विटा उतरवून घेत होता. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि काय घडलं ते त्यांनी सांगितलं, न लपवता, जावयावर न ढकलता. लिहिण्यात चूक झाली, गोण्या दोनशे साठच आल्या, एवढंच. मी मधे तोंड घालून इंजिनियरचा हिशोबही सांगितला, घनमीटरला आठ गोण्या, वापर बरोबर जुळतो. तो ऐकून घेत होता, पण त्यात त्याला नवीन काही नव्हतं. म्हणाला, ताई, स्लॅबने किती खाल्लंय ते मला माहीत होतं की. मिक्सरपाशी मीच उभा होतो.

मग बाबांनी विचारलं. "ठावं व्हतं तर भांडला का न्हाईस?"

त्याने हातातली वीट ढिगावर ठेवली.

"काका, तुमची मोजणी चुकली आसं तुमच्या तोंडावर म्हणायचा हक्क एका माझ्या बापाचा व्हता," तो म्हणाला. "त्यो आसता तर म्हणला आसता. मी कोण?"

बाबा म्हणाले, "मोजणी बरोबरच व्हती रं. तरी चुकलो मी." आणि ते विटांच्या ढिगावर बसले आणि रडायला लागले. जोडीदार गेला तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसला, पण त्यांना हात लावायचं धाडस त्याला होईना.

सव्वीस कापा, हे त्याचं वाक्य मी गुरुवारी ऐकलं होतं आणि त्याला कबुलीजबाब समजले होते. मला त्याची माफी मागायची होती. ती मी त्या दिवशी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघे विचारायला आले तेव्हा बाबा बोलायच्या आधी मीच बोलले, आणि माझी चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.